बाहीची बढती, गळ्याची घसरण

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की प्रत्येक शिंप्याच्या दुकानात एक पाटी लटकते, 'नवीन काम दिवाळीनंतर'. आणि त्या पाटीखाली उभ्या राहून चार बायका आपापले ब्लाऊजपीस पुढे सरकवत असतात. मास्तरही पाटीकडे पाठ करून प्रत्येकीला तेच दोन प्रश्न विचारतात. "बाही केवढी ठेवायची, ताई? आणि गळा कसा?" मग कुणी नमुन्याचे ब्लाऊज काढते, कुणी मोबाईलवर नटीचे चित्र दाखवते, आणि कुणी नुसतेच हवेत बोट फिरवून आपल्या पाठीवर एक अर्धवर्तुळ काढते.

गंमत अशी की हे दोन्ही प्रश्न आपल्या पणज्यांना कुणी विचारलेच नाहीत. त्यांच्या चोळीची बाही किती लांब असावी हे खणाने ठरवलेले होते, आणि गळा कसा असावा हे गाठीने. बाही आणि गळा हे निवडीचे विषय झाले ते गेल्या दीड-एक शतकात. ते कसे झाले, एवढेच आज सांगायचे आहे. सबंध हिंदुस्थानच्या पेहेरावाचा इतिहास सांगण्याचा विचार नाही. आपल्या चोळीचे पोलके झाले, पोलक्याचा झंपर झाला आणि झंपराचे ब्लाऊज झाले, एवढीच वाट चालायची आहे.

सुरुवात खणापासून करू या. आपण ओटीत घालतो तो त्रिकोणी घडीचा खण. हल्लीच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड नावाचे गाव आहे, तिथला खण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राच्या अंगावर आला. बारीक बुट्ट्यांचे अंग आणि दोन्ही बाजूंना काठ. रुंदी साधारण तीस इंच आणि लांबी एकोणीस-वीस इंच, म्हणजे अर्ध्या वाराच्या जरा पुढे. एवढ्या तुकड्यात एक चोळी व्हायची. आज मास्तर पाऊण-एक मीटर मागतात आणि तरीही 'बाही जरा आखूड होईल हं' असे वर बजावतात, तेव्हा हे एवढ्याशा खणात कसे बसत असेल याचे मला नेहमी कुतूहल वाटे. एकदा वर्तमानपत्राचा कागद त्या मापाचा कापून मी हिशेबच करून पाहिला.

बाहीला काठ हवाच, कारण काठाची बाही हीच चोळीची शोभा. काठ खणाच्या दोन टोकांना, एकमेकांपासून तीस इंचांवर. म्हणून एका काठाकडून एक बाही घ्यायची आणि दुसऱ्या काठाकडून दुसरी. सडपातळ बाईच्या दंडाचा घेर शिलाईसकट अकरा इंच धरला आणि बाहीची लांबी सात इंच, तर दोन बाह्यांनी तीस इंचांतले चौदा इंच घेतले. मधे सोळा इंच रुंद आणि एकोणीस इंच लांब असा तुकडा उरला. त्यातून पंधरा इंच रुंद आणि दहा इंच उंच अशी पाठ निघाली. राहिले सोळा बाय नऊचे एक कापड, आणि बाह्यांच्या शेजारी काठासकट आठ बाय सातचे दोन तुकडे. एवढ्यातून पुढचे दोन भाग आणि काखेतल्या दोन छोट्या चौकोनी कळ्या काढायच्या. पुढचे भाग एकसंध निघत नाहीत, ते जोडूनच करावे लागतात. जुन्या चोळ्यांच्या पुढे इतके जोड का असतात त्याचे उत्तर मला त्या कागदाने दिले. कापडाला छातीचा गोल आकार द्यायचा तर एक तर चुण्या घालाव्या लागतात, नाही तर जोड द्यावा लागतो. जोड तर कापडच मागत होते. कात्री चालवून झाल्यावर चिंधीसुद्धा फारशी उरत नाही.

आता त्या काखेतल्या कळीकडे जरा थांबून बघा. चोळीची बाही वरच्या बाजूला सरळ कापलेली असे आणि ती अंगाच्या सरळ कडेला जोडलेली असे. आजच्यासारखा गोल मुंढा तिला नव्हता. सरळ बाही सरळ अंगाला जोडली की काखेत कापड कमी पडते, हात वर केला की शिवण ओढते. म्हणून त्या कोपऱ्यात दोन-तीन इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवायचा. हात वर गेला की ती कळी उघडते, हात खाली आला की मिटते, आणि बाकीची चोळी जागची हलत नाही. जात्यावर दळणारी, विहिरीतून पोहरा ओढणारी, उंच फळीवरचा डबा काढणारी बाई दिवसातून शंभरदा हात वर करायची. तिची चोळी अंगासरशी घट्ट असे, तरी ती वर सरकत नसे. पुरुषांच्या कुडत्या-अंगरख्यांतही हीच कळी असे. ही युक्ती तुम्ही लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणि गळा? चोळीचे दोन पदर छातीखाली एकमेकांत गाठले की वर आपोआप एक खोलगट आकार पडतो. तो तेवढाच. त्याला ना काज, ना बटण. मागची पाठ तर जवळजवळ मानेपर्यंत झाकलेली. आणि ती दिसणार कुणाला? नऊवारीचा पदर डोक्यावरून किंवा दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. चोळीतले उघड्यावर येई ते कोपराच्या वरचे दोन बोटे काठ. म्हणून सारी हौस बाहीच्या काठावर. गळ्याला कशिदा काढून तो दाखवायचा कुणाला, असाच तो काळ होता.

पण चोळी ही नुसती कापडाची वस्तू नव्हती. 'साडी-चोळी' हा शब्द आपण आहेराच्या वेळी सहज बोलतो. जहागिरीच्या कागदपत्रांतही बायकांच्या नावे 'चोळी-बांगडी'साठी नेमणूक दिलेली आढळते. चोळी म्हणजे सवाष्णीचा मान. आणि ज्या घरांतून केशवपनाची चाल होती तिथे नवरा गेला की केसांबरोबर चोळीही जाई. लाल आलवण, त्याचाच पदर अंगाला लपेटलेला, आत काही नाही. माझी आजी तिच्या सासरच्या एका आत्याबाईंबद्दल सांगायची. त्या तेराव्या वर्षी विधवा झाल्या आणि सत्तरीत गेल्या. मधल्या सत्तावन्न हिवाळ्यांत त्यांच्या अंगाला शिवलेले कापड लागले नाही. पहाटे अंगण झाडताना त्या एका हाताने केरसुणी धरीत आणि दुसऱ्या हाताने आलवण आवळून धरीत. "एक हात त्यांचा कायम अडकलेला," आजी म्हणायची. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा लोकांच्या डोळ्यांवर जे आले त्यांत नुसते पाटी-पुस्तक नव्हते. विधवेच्या डोक्यावर केस आणि अंगात पोलके हेही होते.

हे पोलके आले कुठून? युरोपात १८४० नंतर पोल्का नावाच्या नाचाचे वेड पसरले होते. त्या वेडाच्या भरात बायकांच्या एका आखूड जाकिटालाही तेच नाव मिळाले. आपल्या पोलक्याचे नावही त्याच वाटेने आलेले असावे. शब्दाचे काही असो, वस्तू मात्र नक्की तिकडची होती. पुढे बटणांची पट्टी, मानेला उभी कॉलर किंवा झालर, आणि गोल मुंढ्यात बसवलेली लांब बाही. ती कंबरेपर्यंत यायची, म्हणजे चोळीने जे पोट उघडे ठेवले होते तेही झाकले गेले.

मुंबईचा ह्या बदलाशी आणखी एक संबंध आहे. हिंदी सनदी नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू, यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. १८६४ साली त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी त्यांच्याबरोबर मुंबईला आल्या. बंगाली अंतःपुरात तेव्हा नुसती एक साडी लपेटायची रीत होती. घराबाहेर पडायला ती पुरण्यासारखी नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी बायकांचे साडी नेसणे पाहिले, त्यात आपल्या सोयीने फेरफार केले, आत परकर आणि वर जाकीट घातले, आणि ती तऱ्हा बंगाल्यात नेली. १८७१ साली त्यांनी तिकडच्या एका मासिकात जाहिरात देऊन ही नेसण्याची पद्धत शिकवण्याची तयारी दाखवली. ब्राह्मसमाजी बायकांनी ती उचलली. ब्लाऊज, परकर आणि खांद्यावर मोकळा पदर ही आज देशभर 'साडी नेसणे' म्हणून जी गोष्ट चालते, तिच्या घडणीत मुंबईच्या त्या मुक्कामाचा मोठा वाटा आहे.

इंग्रजी कपडा आला तशी इंग्रजी फॅशनही त्याच्या पाठोपाठ आली. १८९०नंतर तिकडे खांद्याशी प्रचंड फुगलेली आणि कोपराखाली हाताला घट्ट बसणारी बाही निघाली. १८९५च्या सुमारास तर तिचा फुगा डोक्याएवढा झाला होता. तिचे इंग्रजी नाव सरळ मराठीत सांगायचे तर 'बकऱ्याची तंगडी'. आपल्याकडच्या त्या काळच्या श्रीमंत आणि सुधारक घरांतल्या तसबिरी पाहा. नाकात नथ, पदर डोक्यावर, आणि पदराखालून डोकावणाऱ्या त्या दोन तंगड्या! ज्या सोवळ्या घरांतून कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, त्या घरांच्या सुनांनी ही बाही मिरवली. नाव माहीत नव्हते हे बरेच झाले.

इथे चोळी आणि पोलके यांच्यातला खरा फरक सांगायला हवा, कारण आजच्या आपल्या सगळ्या तक्रारी त्यातूनच निघतात. पोलक्याला मुंढा गोल कापतात आणि बाहीच्या वरच्या टोकाला कमानीसारखा आकार देतात. ही कमान उंच ठेवली तर हात खाली सोडल्यावर बाही कशी सुरेख बसते, एकही सुरकुती नाही. पण हात वर करायला गेले की काख धरते. कमान बुटकी ठेवली तर हात हवा तसा फिरतो, पण हात खाली आला की काखेशी चुण्या पडतात. दोन्ही सुखे एका बाहीत मिळत नाहीत. चोळीत कळी होती म्हणून हा प्रश्नच नव्हता. पोलक्याने कळी काढून टाकली आणि दिसणे घेतले. दळणकांडण गड्यामाणसांकडे असलेल्या घरांना ते परवडले. शेतावरच्या बाईने चोळी सोडली नाही, ती गावंढळ होती म्हणून नव्हे, तर तिला हात वर करायचा होता म्हणून.

१९२०नंतर फुगे उतरले. तिकडे बायकांनी सैल, सुटसुटीत 'जंपर' घालायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे त्याचा 'झंपर' झाला. हा शब्द इतका रुजला की कितीतरी आज्या शेवटपर्यंत ब्लाऊजला झंपरच म्हणत. कॉलर गेली, मान मोकळी झाली, गोल किंवा पानाच्या टोकासारखा गळा आला. त्याच सुमारास खादीचे दिवस आले. जाड खादीला चुण्या आणि झालरी शोभत नाहीत आणि तशी हौस करण्याचे ते दिवसही नव्हते. साधी कोपरापर्यंतची बाही हीच मग शाळामास्तरणीची आणि सत्याग्रही बाईची खूण ठरली.

१९३०नंतर मात्र दोन गोष्टी एकदम झाल्या. फुगा परत आला, पण आखूड होऊन. आणि शहरात नऊवारी मागे पडून पाचवारी, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'गोल पातळ', पुढे आले. फुग्याच्या बाहीचे कसब असे की मुंढ्याचा घेर सोळा इंच असेल तर बाहीचा माथा बावीस-चोवीस इंच कापायचा आणि जास्तीचे सारे कापड खांद्यावर चुण्यांत गोळा करायचे. ह्या चुण्यांत हाताला थोडी मोकळीक मिळते. कळीने काखेतून जे दिले ते फुग्याने खांद्यावरून दिले म्हणा ना! शाळा-कॉलेजात जाणाऱ्या, ट्रॅमच्या दांडीला लोंबकळणाऱ्या मुलींना तो आवडला यात नवल नाही.

पण फुग्यापेक्षा गोल पातळाने घडवलेला बदल मोठा आहे. माझ्या मते ह्या सगळ्या हकिकतीतला तोच सर्वांत मोठा. नऊवारीत डोक्यावरून किंवा दोन्ही खांद्यांवरून असलेला पदर गोल पातळाबरोबर हळूहळू एका डाव्या खांद्यावर आला. तो सरकला तशी उजवी बाही सबंध उघडी पडली आणि पाठही पहिल्यांदाच दिसू लागली. तोवर शिंप्याच्या लेखी पाठ म्हणजे पुढचे दोन भाग जोडायला लागणारे कापड. आता ती दर्शनी बाजू झाली. मागच्या गळ्याचा इतिहास सुरू होतो तो इथून. पुढच्या गळ्यात फार उलथापालथ झालीच नाही. तिथे पदर आडवा असतोच. सगळी हौस, सगळे धाडस आणि सासूबाईंची सगळी नाराजी पाठीवरच केंद्रित झाली.

स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत बाही चढतच गेली. कोपरापासून दंडाच्या मध्यावर, मध्यावरून खांद्याजवळ, आणि साठीनंतर शहरांत बिनबाह्यांचे ब्लाऊज आले. बिनबाह्यांचे म्हणजे मास्तरांचे काम हलके, असे वाटते. खरे तर उलट आहे. बाही असली की ती मुंढ्याची चूक झाकते. बाही नसली की मुंढा अर्धा इंच जरी खाली कापला गेला तरी काखेशी कापड फुगून उघडे पडते. म्हणून त्याचा मुंढा नेहमीपेक्षा वर आणि घट्ट घ्यावा लागतो, आणि कडेला उरेबाची पट्टी लावावी लागते, म्हणजे विणीला तिरपी कापलेली. तिरपे कापड ताणले जाते, म्हणून ते गोलाईवर न चुरगळता वळते. सरळ कापडाची पट्टी लावली तर कड लगेच वर उचलली जाते. बिनबाह्यांच्या ब्लाऊजची पारख करायची असेल तर आधी ती पट्टी उलटून बघावी.

याच काळात घरोघरच्या पेट्यांत एक नवे कापड शिरले, टू बाय टू. उभ्या आणि आडव्या दोन्ही दोऱ्यांत दोन-दोन पिळांचे सूत, म्हणून हे नाव. पातळ असूनही टिकाऊ, आणि हव्या त्या रंगात मिळणारे. त्याच्या जिवावर 'मॅचिंग सेंटर' नावाची दुकाने उभी राहिली. पदराचे टोक गिऱ्हाइकाने पुढे करायचे आणि दुकानदाराने शंभर ताग्यांतून तोच रंग काढून दाराशी उजेडात नेऊन दाखवायचा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग दारात परका निघतो, हे त्या माणसांना पुरते ठाऊक असे. पूर्वी चोळी साडीपेक्षा वेगळ्या रंगाची असणे हीच रसिकता होती. हिरव्या साडीवर अंजिरी खण, काळ्या चंद्रकळेवर लाल. 'मॅचिंग'ने ती मौज मोडीत काढली असे माझे मत आहे. पण ते मी दुकानात बोलत नाही.

सिनेमाचे नाव घेतल्याशिवाय हे पुराण पुरे होणार नाही, तेव्हा ते थोडक्यात उरकते. १९६८च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजने नेसलेली ती अंगासरशी केशरी साडी आठवते? तिची आखणी केली होती कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांनी, ज्यांना पुढे 'गांधी'च्या वेषभूषेसाठी भारतातले पहिले ऑस्कर मिळाले. आणि १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मध्ये माधुरी दीक्षितने जांभळ्या साडीवर पाठ उघडी ठेवणारे जे ब्लाऊज घातले, त्याने गल्लीगल्लीतल्या मास्तरांची झोप उडवली. 'तसंच हवं' म्हणणे सोपे. ते अंगावर टिकायला काय लागते हे मास्तरांनाच माहीत.

काय लागते ते आमच्या शेजारच्या वहिनींच्या उदाहरणाने सांगते. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी पैठणीवर ब्लाऊज शिवायला टाकले. मागचा गळा दहा इंच खोल, पुढचाही आठ इंच, कोपरापर्यंत बाही. ब्लाऊज आले ते लग्नाच्या तीन दिवस आधी. अंगात घातले तर खांदा एकसारखा दंडावर उतरायचा, आणि हात वर केला की खालची कड दोन बोटे वर यायची. वहिनी रडकुंडीला आल्या. ज्यांनी शिवले ते मास्तर 'घातल्यावर बसेल' एवढेच म्हणत होते. शेवटी आम्ही दोघी आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहिनी, हात वर करा बरं. अंबाडा बांधता तसे."

वहिनींनी हात वर केले. कड वर आली.

"मुंढा खाली गेलाय. आता जरा खांदे सैल सोडा." त्यांनी पाठीमागून दोन्ही खांदपट्ट्या चिमटीत धरून मध्याकडे अर्धा-अर्धा इंच ओढल्या. ब्लाऊज लगेच जागेवर बसले. "मापात चूक नाही. वहिनींचा खांदा चौदा इंच, सात-सात बरोबर धरलेत. पण गळा दहा इंच खोल घ्यायचा तर मापाचे सात घेऊन चालत नाही, साडेसहाच धरावे लागतात. मागचे कापड काढून टाकले की दोन पट्ट्यांना एकमेकींजवळ धरून ठेवणारे काही उरतच नाही, त्या बाहेर पळतात. त्यात पुढचाही गळा खोल! एक तरी बाजू वर हवी. दोन्ही खाली गेल्या तर खांदा राहील कशावर?"

"मग आता?" वहिनींनी विचारले.

"आता नाडी." म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकांना जोडणारी ती गोंड्यांची दोरी. आपण तिला नखरा समजतो. खरे तर पळणाऱ्या दोन पट्ट्यांना बांधून ठेवायचे ते दावे आहे. ज्या उंचीवर चिमटी धरल्यावर ब्लाऊज बसले, त्याच उंचीवर ती लावायची; दोन इंच खाली लावली तर नुसते गोंडे लोंबतात, खांदा उतरायचा तो उतरतोच.

मुंढ्याचे काम अवघड होते. खाली कापलेला मुंढा पुन्हा वर नेता येत नाही, कापडच नसते. मास्तरांनी वहिनींना विचारले, "ह्यातला तुकडा उरलाय?" नशिबाने हातरुमालाएवढा तुकडा पिशवीत होता. त्यांनी त्यातून तीन-तीन इंचांचे दोन चौकोन कापले, काखेतली शिवण उसवली आणि दोन्हीकडे ते चौकोन तिरके बसवले. तीच ती चोळीची कळी! अर्ध्या तासात ब्लाऊज तयार झाले. वहिनींनी पुन्हा अंबाडा बांधल्यासारखे हात केले. कड हलली नाही.

तेव्हा शिवायला टाकताना दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. सुती कापड आणि अस्तर दोन्ही आधी पाण्यातून काढावे. अस्तर मागाहून आटले तर वरचे कापड आतून ओढल्यासारखे चुरगळते, आणि त्याला इस्त्रीचा उपाय चालत नाही. गळ्याची कड तिरपी कापलेली असते, म्हणून तिला पट्टी लागेपर्यंत कपडा गळ्याशी धरून उचलू नये. नुसत्या हाताळण्याने ती अर्धा इंच वाढते. फिटिंग बघताना आरशासमोर ताठ उभे राहून काही कळत नाही. हात वर करावेत, बसून बघावे, वाकून बघावे. कापड कपाटात ठेवायचे असेल तर दंडाकडे आणि बगलेच्या शिवणीत एक-एक इंच दाब सोडायला सांगावा. आणि उरलेला तुकडा मास्तरांकडून आठवणीने परत मागावा. हल्ली खणाची सबंध साडीच निघाली आहे, तिच्या टोकाला ब्लाऊजपीसही जोडलेलाच येतो. त्यातून कोपराबाहीचे ब्लाऊज शिवले तरी वीतभर काठ सहज उरतो. तोही मागून घ्यावा.